झोपेसाठी क्वेटियापिन आणि वाढलेले साडेपाच किलो

*मी ५३ वर्षांची आहे. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, त्याचे हिशेब मी पाहते. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या आणि माझी झोप उडाली. डॉक्टरांनी क्वेटियापिन २५ दिली, दोन महिन्यांनी ५० केली. एकूण दहा महिने झाले. झोप लागते, पण वजन ६१ किलोवरून ६६.५ झाले आणि वार्षिक तपासणीत एचबीए१सी ५.९ वरून ६.४ आले. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी सकाळी घेते. रात्री उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. आईला मधुमेह होता. कोणी सांगितले की हे वेडाचे औषध आहे. मेडिकलवाले म्हणतात, एवढ्या कमी पॉवरने काही होत नाही. यजमान म्हणतात, बंद केलीस तर पुन्हा जागरण सुरू होईल. वजन गोळीमुळेच वाढले का? गोळी बंद करू का?*

— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार, ताई.

गोळी आज रात्रीपासून एकदम बंद करू नका; पण ती आहे तशी पुढे चालू ठेवणेही आता योग्य नाही. ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांच्याकडे येत्या आठवड्यात जा आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे वेळापत्रक मागा. असे का म्हणतो, हे नीट समजून घेतलेत तर त्यांच्याशी बोलणे तुम्हाला सोपे जाईल.

क्वेटियापिनला अमेरिकेत १९९७ साली स्किझोफ्रेनियासाठी मान्यता मिळाली. पुढे बायपोलर आजारासाठी आणि काही प्रकारच्या नैराश्यात मुख्य औषधाच्या जोडीला देण्यासाठीही ती मिळाली. निव्वळ निद्रानाशासाठी मात्र तिथल्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिलेली नाही. तरीही जगभरचे डॉक्टर झोपेसाठी ती लिहून देतात आणि त्यामागे एक समजण्यासारखे कारण असते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, त्या सोडवताना रुग्णाचे हाल होतात, म्हणून सवय न लावणारे काहीतरी द्यावे असा तो विचार असतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेडाचे निदान लपवून हे औषध दिले, अशी शंका मनात आणू नका. मान्यता नसलेल्या कारणासाठी औषध देणे म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र अशा वेळी औषध का देतो आहोत, किती दिवस देणार आहोत आणि त्याची देखरेख कशी ठेवणार आहोत, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे असते. दहा महिने एकच चिठ्ठी दाखवून गोळ्या मिळत राहिल्या, तर ही देखरेख कोणाकडेच राहत नाही.

आता कमी पॉवरचा मुद्दा. मेडिकलवाल्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मनोविकारांत हे औषध साधारण ३०० ते ८०० मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते, कारण मेंदूतील डोपामिनच्या रिसेप्टरांवर पुरेसा परिणाम होण्यासाठी तेवढी मात्रा लागते. त्या हिशेबाने ५० मिलिग्रॅम फारच थोडे आहे. पण तुम्हाला येणारी झोप डोपामिनमुळे येत नाही. क्वेटियापिन सर्वांत आधी आणि सर्वांत घट्ट पकडते ते हिस्टामिनचे रिसेप्टर आणि त्यासाठी २५ किंवा ५० मिलिग्रॅम पुरेसे होतात. हिस्टामिन मेंदूला जागे ठेवते आणि भुकेला आवरही घालते. त्याला अडवले की एकीकडे डोळे मिटतात आणि दुसरीकडे पोट भरल्याची जाणीव बोथट होते. शिवाय रक्तवाहिन्यांना आकुंचित ठेवणारे अल्फा-१ नावाचे रिसेप्टरही याच लहान मात्रेत अडवले जातात. तुमच्या डोळ्यांपुढे येणारी अंधारी बहुधा तिथून येते. म्हणजे मनोविकाराच्या दृष्टीने ही मात्रा लहान असली, तरी झोप, भूक आणि रक्तदाब यांच्या दृष्टीने ती पुरती कामाला लागलेली असते.

वजनाबद्दल मी बऱ्यापैकी ठामपणे बोलू शकतो. झोपेसाठी लहान मात्रेत हे औषध घेणाऱ्यांच्या ज्या छोट्या पाहण्या झाल्या, त्यांत सरासरी दोनेक किलोची वाढ दिसते. सरासरीच्या पोटात मात्र फार निरनिराळी माणसे असतात: काहींचे वजन अजिबात हलत नाही आणि काहींचे पाच-सात किलोंनी वाढते. तुमचे वजन ६१ किलो होते. अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचार या क्षेत्रांतील संघटनांनी २००४ साली एकत्र बसून या गटातील औषधांच्या देखरेखीची पद्धत ठरवली. तिच्यानुसार वजन सुरुवातीला, मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी नोंदवायचे असते. ते मूळ वजनाच्या ५ टक्क्यांनी वाढले, तर औषध बदलण्याचा विचार करायचा असतो. तुमच्यासाठी ती रेषा ६४ किलोच्या आसपास होती. तुम्ही ती ओलांडून पुढे आला आहात. वाढ ९ टक्के झाली आहे. दर महिन्याला काटा पाहिला असता, तर हा निर्णय काही महिने आधीच घेता आला असता.

हे सगळे वजन गोळीचेच आहे का? तसे शपथेवर सांगता येणार नाही. पन्नाशीत पाळी थांबण्याच्या सुमारास पोटावर चरबी साठू लागते आणि दुःखाच्या काळात हिंडणे-फिरणेही कमी होते. तरीही एक गोष्ट तुम्हीच तपासून पाहू शकता. रात्रीची गोळी घेतल्यापासून डोळा लागेपर्यंतच्या तासाभरात तुम्ही काय खाता, हे आठवडाभर लिहून ठेवा. हे औषध घेणाऱ्यांकडून मी एक तक्रार वारंवार ऐकतो: जेवण नेहमीएवढेच असते, ज्वारीची भाकरी तीच, पालेभाजी तीच, पण गोळी घेतल्यावर डबे उघडले जातात आणि शेंगा, चिवडा, बिस्किटे असे काहीतरी तोंडात जात राहते. सकाळी ते धड आठवतही नाही. वहीत असे काही दिसले, तर तो पुरावा डॉक्टरांना दाखवा. जोडीला कंबरेचा घेरही मोजून ठेवा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा धरतात.

साखरेच्या बाबतीत मी इतका ठाम राहणार नाही. क्वेटियापिनच्या माहितीपत्रकात रक्तातील साखर वाढण्याचा इशारा आहे आणि मोठ्या मात्रेत तो खराही ठरतो. लहान मात्रेबाबत डेन्मार्कमध्ये तिथल्या राष्ट्रीय नोंदींवरून अभ्यास झाले. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा लहान मात्रेच्या क्वेटियापिनमुळे टाइप २ मधुमेहाचे प्रमाण एकंदरीत वाढलेले आढळले नाही. म्हणजे गोळी थेट साखर चढवते असे म्हणायला आधार कमी आहे. पण हा दिलासा सरासरी माणसासाठी आहे. तुमची साखर गोळी सुरू होण्याआधीच मधुमेहपूर्व पट्ट्यात होती, आईला मधुमेह होता आणि त्यावर साडेपाच किलोंची भर पडली. अशा माणसात वजनाच्या वाटेने साखर वर सरकणे अगदी शक्य आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ पासून मधुमेह; तुम्ही उंबरठ्यावर उभ्या आहात. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइडही काही जणांत साखर थोडी वाढवते, त्यामुळे सगळा दोष क्वेटियापिनवर टाकणे न्यायाचे होणार नाही.

म्हणून एकाच आकड्यावर निर्णय न घेता उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी पुन्हा एकदा, चरबीची तपासणी आणि हिमोग्लोबिन इतके करून घ्या. हिमोग्लोबिन यासाठी, की लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते आणि आपल्या भागातील बायकांत ही कमतरता अगदी नेहमीची आहे. चरबीच्या अहवालात ट्रायग्लिसराइडचा आकडा विशेष पाहा, कारण या औषधाने तो वाढू शकतो.

आता हृदय. डेन्मार्कमध्येच झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लहान मात्रेची क्वेटियापिन सुरू केलेल्या ६० हजारांहून अधिक लोकांची तुलना झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्या सुरू केलेल्या लोकांशी केली होती. हृदयविकाराचा झटका, मेंदूचा झटका किंवा हृदयरोगाने मृत्यू यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण क्वेटियापिनच्या गटात सुमारे १३ टक्क्यांनी जास्त निघाले. जे प्रत्यक्षात गोळी घेत राहिले, त्यांच्यापुरते पाहिले तर ही वाढ ५० टक्क्यांच्या जरा वर होती. मेंदूचा झटका आणि हृदयरोगाने मृत्यू या दोन्हींत फरक दिसला आणि स्त्रियांमध्ये व ६५ वर्षांवरील लोकांत तो अधिक ठळक होता.

हे आकडे वाचून घाबरून जाऊ नका. समजा, एखाद्या गटात वर्षाला हजारांपैकी दहा जणांना असा त्रास व्हायचा असेल, तर दीडपट म्हणजे पंधरा जणांना. उरलेल्या ९८५ जणांना काही होणार नाही. शिवाय हा नोंदींवरचा अभ्यास आहे. कोणाला कोणती गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे क्वेटियापिन मिळालेले लोक मुळातच अधिक आजारी असण्याची शक्यता पूर्णपणे पुसता येत नाही. पण ज्याच्याकडे रक्तदाब, वाढते वजन आणि काठावरची साखर या तिन्ही गोष्टी आहेत, त्याने केवळ झोपेसाठी ही जोखीम वर्षानुवर्षे का घ्यावी, या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. मिळणारा लाभही तसा भक्कम सिद्ध झालेला नाही. निव्वळ निद्रानाशाच्या रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेली जी छोटी चाचणी थायलंडमध्ये झाली, तिच्यात २५ मिलिग्रॅम क्वेटियापिन आणि औषध नसलेली गोळी यांत खात्रीलायक फरक दिसला नाही. प्रौढांच्या निद्रानाशावर या गटातील औषधे पहिला उपाय म्हणून सरसकट देऊ नयेत, असे अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलेले आहे.

हृदयाच्या ठोक्यांमागील विजेचा प्रवास लांबवण्याचा एक गुणही या औषधात आहे. ईसीजीवर तो क्यूटी अंतर म्हणून मोजतात. ५० मिलिग्रॅम एकट्याने सहसा त्यात गडबड करत नाही. गडबड होते ती जोड्यांमुळे. अॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिके, उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉन, पित्तासाठी सर्रास दिली जाणारी डॉम्पेरिडॉन ही सारी हेच अंतर लांबवतात. त्यांतील क्लॅरिथ्रोमायसिन तर यकृतातील क्वेटियापिनचा निचराही अडवते, त्यामुळे ५० ची गोळी रक्तात कितीतरी मोठ्या मात्रेसारखी वागू लागते. त्यात तुमच्या रक्तदाबाच्या गोळीतील लघवी वाढवणारा भाग शरीरातील पोटॅशियम कमी करू शकतो. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात जुलाब लागले, अंगातले पाणी गेले आणि कोणी अॅझिथ्रोमायसिन व ऑन्डान्सेट्रॉन एकदम दिले, असा दिवस तुमच्या बाबतीत टाळायचा आहे. गोळी पूर्ण सुटेपर्यंत कोणतेही नवे औषध घेताना क्वेटियापिनचे नाव सांगा. आणि या भेटीत एक ईसीजी आणि सोडियम-पोटॅशियमची तपासणी करून घ्या.

अंधारी येण्याचे माप घरीच घेता येते. रात्री गोळी घेतल्यावर साधारण दीड-दोन तासांनी, यजमान जवळ असताना, पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजा. मग उभ्या राहा आणि एका मिनिटाने व पुन्हा तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर उभे राहताना रक्तदाब पडतो हे नक्की झाले. तसे दिसल्यास तो कागद त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा आणि न्हाणीघरापर्यंतचा दिवा चालू ठेवा. पन्नाशीपुढच्या बाईला रात्री पडून मनगट किंवा खुब्याचे हाड मोडणे हा या गोळीचा सर्वांत रोकडा धोका आहे आणि तो हृदयाच्या आकडेवारीपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

गोळी कमी करताना साधारणपणे असे केले जाते. ५० वरून ३७.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ च्या दीड गोळ्या, दोन आठवडे, मग २५ दोन आठवडे, मग १२.५ दोन आठवडे. आणि त्यानंतर बंद. तुमच्या डॉक्टरांना वेगळा वेग योग्य वाटला, तर त्यांचे ऐका. तुमची गोळी साधी आहे की हळूहळू विरघळणारी, हे पाकिटावर पाहा. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर ती तोडायची नसते. त्या वेळी डॉक्टर आधी साध्या गोळीवर आणतात. प्रत्येक पायरीला दोन-चार रात्री झोप मोडेल, क्वचित मळमळेल, अस्वस्थ वाटेल. यजमानांना जे पुन्हा जागरण वाटते ते पुष्कळदा हेच असते. औषध कमी झाल्याचा तो तात्पुरता धक्का असतो आणि बहुतेकांत आठवडाभरात ओसरतो. या धक्क्याला घाबरून लोक पुन्हा पूर्ण गोळी घेतात आणि मग ती कायमची होते. दुसरी बाजू अशी, की क्वेटियापिन रक्तदाब थोडा दाबून ठेवत असल्यामुळे ती सुटल्यावर तो वर जाऊ शकतो. त्या दीड महिन्यात दर आठवड्याला एकदा मोजा. वजन मात्र गोळीबरोबर आपोआप उतरेल अशी अपेक्षा धरू नका. ते वाढायचे थांबते, उतरवायला चालणे आणि रात्रीचे खाणे आवरणे लागते.

हेच वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला ही गोळी बायपोलर, स्किझोफ्रेनिया किंवा गंभीर नैराश्यासाठी मिळाली असेल, तर वरचे वेळापत्रक त्यांच्यासाठी नाही. तिथे गोळी सोडणे झोपेपुरते राहत नाही.

आता गोळीच्या जागी काय? दुसरी गोळी हे पहिले उत्तर नव्हे. घरातल्या कोणाची अल्प्राझोलाम तर मुळीच घेऊ नका. दीर्घकाळच्या निद्रानाशावर सर्वांत आधी सुचवला जातो तो वर्तनोपचार आणि त्यातील सर्वांत प्रभावी भाग म्हणजे अंथरुणावरचा वेळ कमी करणे. झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो. नऊला पडायचे, सहाला उठायचे आणि त्यांतील साडेपाच-सहा तासच झोपायचे. उरलेले तास कूस बदलण्यात जातात आणि अंथरूण म्हणजे जागरण असे मेंदूला पक्के शिकवतात. आठवडाभराची झोप वहीत लिहा. सरासरी सहा तास निघाली, तर उठण्याची वेळ साडेपाच पक्की धरा आणि साडेअकराच्या आधी अंथरुणावर जाऊ नका. अंथरुणावरील वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटे आधी झोपायला जा. साडेपाच तासांपेक्षा खाली हा वेळ कधीही नेऊ नका. पहिले दोन आठवडे दुपारी पेंग येईल. त्या काळात स्कूटर चालवू नका आणि दुपारी आडवेही होऊ नका. ही पद्धत मात्रा कमी करण्याच्या आधी एक-दोन आठवडे सुरू केलीत, तर उतार सोपा जातो.

त्याआधी यजमानांना एक गोष्ट विचारा: तुम्ही अलीकडे मोठ्याने घोरता का आणि घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा वाटतो का? तसे असेल तर हा स्लीप ॲप्नियाचा आजार असू शकतो. वजन वाढल्याने तो बळावतो आणि त्यात कोणतीही गुंगीची गोळी धोक्याची असते. रात्री अचानक अंगातून वाफा येऊन घाम सुटत असेल, तर तेही सांगा. त्यावरचा उपाय वेगळा आहे आणि तो झाला की झोप बऱ्याचदा आपोआप सुधारते. सासूबाईंच्या जाण्याचे दुःख दीड वर्षानंतरही रोज तितकेच जड वाटत असेल, कशात मन लागत नसेल, तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. कारण मग उपचार नैराश्याचा करावा लागेल.

छातीत धडधडून चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. खूप तहान आणि वारंवार लघवी सुरू झाली, तर त्याच दिवशी साखर तपासा. एरवी नेहमीच्या भेटीला जाताना दोन्ही वर्षांचे अहवाल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, उभे-आडवे मोजलेल्या रक्तदाबाचा कागद आणि झोपेची वही बरोबर न्या.